पहिल्या पाच वड्या

“माणिकबाईंच्या मायेच्या हातांनी, तीन पिढ्यांच्या परंपरेतून, थेट तुमच्या ताटात.”

ऑनलाइन विकायच्या वड्यांच्या पाकिटासाठी लिहिलेलं हे वाक्य स्वप्निलनं मोबाइलवरून वाचलं आणि बैठकीत अशी नजर फिरवली, की आता कोणीतरी टाळी वाजवावी. टाळी कोणी वाजवली नाही. त्याचे वडील देवराव पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. आई, माणिकबाई, पलंगावर पाय पसरून वालाच्या शेंगा निवडत होत्या. ‘मायेच्या हातांनी’ आलं तेव्हा त्यांनी नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची धाकटी जाऊ जमुना बसली होती. तिचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत मुगाच्या पिठात होते.

“पुन्हा एकदा वाच,” ती म्हणाली.

“काहून काकू? समजलं नाई का?”

“समजलं. म्हूनच म्हटलं. मले पाह्याचं हाये, दुसऱ्यांदा वाचताना तुले लाज वाटते का.”

माणिकबाईंच्या हातातली शेंग तिथंच थांबली. “यात लाज वाटण्यासारखं काय हाये व? पोरगं धंदा वाढवून राह्यलं. नाव कोनाचं का असेना, घर तर एकच हाये ना.”

“घर एकच हाये ना? मंग माहं टाका.”

देवरावांनी डोळे उघडले, पण जमुनाकडे पाहिलं नाही. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावजयीशी सरळ बोलायचं नाही, ही या घरातली रीत. गेली कित्येक वर्षं ते माणिकबाईंमार्फतच बोलत आले होते. आताही ते बायकोकडे पाहूनच म्हणाले, “तिले सांग, पीठ खराब होईन. आपलं काम कर म्हणा.”

“ऐकलं मी,” जमुना दाराच्या चौकटीला म्हणाली. “कामच करून राह्यली. बाकी कोन करून राह्यलं ते ज्याचं त्याले माहीत.”

अकोल्यात डाबकी रोडवर ‘नत्थुजी किराणा’ म्हटलं की जुने लोक दुकान दाखवतात आणि नवे लोक विचारतात, ते वडीवाले का? नत्थुजी म्हणजे देवरावांचे वडील. त्यांनी दुकान काढलं एकोणीसशे पासष्टात. गूळ, रॉकेल, मीठ, बिड्या. वडीचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की पुढं त्यांनी ती खाल्ली.

वडी आली जमुनाबरोबर, आणि तीही जरा उशिरानं. जमुनाचं माहेर रिद्धपूरच्या जवळचं. लग्न होऊन आली तेव्हा ती स्वयंपाकात तिसरी होती: सासू, माणिकबाई, मग ती. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात तिचा नवरा महादेवराव आठ दिवसांच्या तापानं गेला. पोरगी रागिणी तेव्हा चार वर्षांची. तेराव्याला आलेल्या बायका जमुनाच्या मनगटांकडे पाहून हळहळल्या आणि जेवून गेल्या. त्यानंतर जमुना या घरात नेमकी कोण, हे कोणीच ठरवलं नाही. जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

पुढच्या माघात तिनं स्वतःच मूग भिजवले. आईची रीत होती ती: साल असलेली मुगाची डाळ रात्रभर भिजवायची, साल अर्धं काढायचं आणि अर्धं राहू द्यायचं, जाडसर वाटायची, त्यात कोहळ्याचा कीस पिळून घालायचा, आलं, मिरची, लसूण, जिरं. मग फेटायचं. किती? तर पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकला की तो तरंगला पाहिजे. बुडाला तर हात चालू ठेवायचा. तीन बोटांच्या चिमटीनं वडी घालायची आणि बोटं उचलताना एक हलका झटका द्यायचा, म्हणजे वडीला वर छोटं टोकदार नाक येतं. जमुनाच्या वडीचं नाक किंचित डावीकडे वळलेलं असे. ती डावखुरी होती.

पहिल्या वर्षी चार किलो डाळीच्या वड्या झाल्या. दुकानाच्या काउंटरवर बरणीत ठेवल्या आणि आठवड्यात बरणी रिकामी झाली. आज सव्वीस वर्षांनी माघ-फाल्गुनाच्या दोन महिन्यांत दोन-अडीच क्विंटल डाळीच्या वड्या घराच्या गच्चीवर वाळतात. काउंटरवर माणिकबाई बसतात. गिऱ्हाईक त्यांना ‘वडीवाल्या काकू’ म्हणतं. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला एकदाही दुरुस्त केलं नाही, आणि हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं असावं.

एक रीत मात्र पहिल्याच वर्षी ठरली, आणि ती सासूनं ठरवली. मोसमातल्या पहिल्या पाच वड्या सवाष्णीनं घालायच्या. म्हणजे माणिकबाईंनी. हळद-कुंकू लावून मोठ्या मोठ्या पाच वड्या केळीच्या पानावर घालायच्या, त्या वाळवून देवापुढं ठेवायच्या. त्या विकायच्या नाहीत. तोवर जमुनानं पातेल्याला हात लावायचा नाही, समोरही थांबायचं नाही. ज्या पिठाला आदल्या दिवसापासून तिचा हात लागला, त्याच पिठापासून दहा मिनिटं लांब. दरवर्षी ती दहा मिनिटं जमुना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून काढी. पाच वड्या झाल्या की वरून हाक येई, “ये व आता,” आणि ती संध्याकाळपर्यंत उठत नसे.

यंदा त्या दहा मिनिटांत स्वप्निल गच्चीवर मोबाइल घेऊन हजर होता. आईचा हिरव्या बांगड्यांचा हात, केळीचं पान, हळद-कुंकवाची वडी. फोटो छान आले. त्या फोटोंवरून त्यानं गोष्ट लिहिली, आणि गोष्टीतून जिन्यावरची बाई गळली.

त्यानं ती गोष्ट नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकली. दुपारी रागिणीचा फोन आला. ती नांदगाव पेठेतल्या कपड्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि कमी बोलते.

“आई, वाचलं मी. तुह्यं नाव कुठी हाये त्यात?”

“नाई टाकलं.”

“तू काय म्हटलं?”

“म्हटलं टाका.”

“मंग?”

“मंग काय, सगळे चूप.”

“हे दुकानाच्या पाटीसारखं नाई हाये आई. एकदा पाकिटावर छापलं, सगळीकडं गेलं, की तेच खरं होते. उद्या माह्या पोराले मी काय सांगू, कोनाच्या वड्यांच्या पैशावर शिकली त्याची माय?”

जमुनानं फोन ठेवला. हात धुतले होते तरी पुन्हा धुतले.

स्वप्निलला स्वतःचं लिखाण आवडलं होतं, पण ज्या मुलीला त्यानं पैसे देऊन बोलावलं होतं तिला आवडलं नव्हतं. दामिनी अमरावतीची. छोट्या धंद्यांसाठी पाकिटावरचा आणि वेबसाइटवरचा मजकूर लिहून देणं हे तिचं काम. ती एसटीनं आली, पाणी प्यायली आणि स्वप्निलचा कागद समोर ठेवून म्हणाली, “दादा, हे वाक्य लोणच्याच्या पाकिटावर बसते का?”

“बसन.”

“मसाल्याच्या?”

“बसन ना. कुठीही बसन.”

“हेच तर वांधं आहे. जे कुठंही बसते ते तुमचं नाही. आणि मोबाइलवर लोकाईले पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडते. त्या दोन ओळींत तुम्ही मायेचे हात आणि परंपरा घातली. वडी कुठं आहे?”

देवरावांना हे आवडलं नाही. “तीन पिढ्या तर खरं हाये ना. पासष्ट साली आमच्या बाबानं दुकान टाकलं.”

“दुकान पासष्टचं. वडी कधीपासून विकता काका?”

देवराव पंख्याकडे पाहू लागले. माणिकबाई म्हणाल्या, “झाले असतीन पंचवीस-तीस वर्षं.”

“मग पासष्टपासून वड्या असं नाही लिहिता येत. पाकिटावर काय काय असावं लागते ते तुम्हाले माहीत आहे. लायसन्सचा नंबर, वजन, किंमत, कशापासून बनलं, कधी पॅक केलं, कधीपर्यंत खायचं, कोणी बनवलं, कुठं बनवलं. ते सगळं खरं लिहावं लागते. त्याच्याच वर आपण गोष्ट छापणार. खाली खरं आणि वर खोटं, असं कसं चालन?” तिनं वही उघडली. “काकू, तुम्हीच सांगा. डाळ किती तास भिजवता?”

प्रश्न माणिकबाईंना होता. दारात बसलेली जमुना कोहळा किसत होती. किसणीचा आवाज थांबला.

“भिजवतो ना,” माणिकबाई म्हणाल्या. “चार तास.”

“चार?”

“चार-पाच.”

जमुना हसली. मोठ्यानं नाही, पण बैठकीपर्यंत जाईल इतपत. “चार तासात मुगाले वाटते आपन नुसतं तोंड धुवून आलो म्हून.”

“तुले कोनी विचारलं का?” माणिकबाई.

“नाई विचारलं. सव्वीस वर्षं कोनी विचारलं नाई.”

दामिनीनं वही मिटली आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. जमुनासमोर मांडी घातली. “मी विचारते. सांगा.”

जमुनानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शहरातली पोरगी, हातात पेन. “तू पैसे घेऊन लिहिते ना?”

“हो.”

“मंग ते सांगतीन तेच लिहिशीन. मले काहून विचारते?”

“खोटं लिहायचे पैसे जास्त लागतात,” दामिनी म्हणाली. “ते यांच्याकडून भेटणार नाहीत, दिसलंच मले.”

जमुनाला हसू आलं नाही, पण किसणी तिनं बाजूला ठेवली.

तासाभरात दामिनीच्या वहीची चार पानं भरली. रात्रभर भिजणं, अर्धं साल, पाण्यावर तरंगणारा थेंब, डावीकडे वळलेलं नाक. पाच वड्यांची रीतही तिनं विचारली, आणि जमुनानं ती कोरड्या आवाजात सांगितली, दुसऱ्या कोणाच्या घरची सांगावी तशी. दामिनी लिहिता लिहिता थांबली.

“म्हणजे त्या पाच विकल्या जात नाहीत?”

“देवाच्या असतात त्या.”

“मग माणिकबाईंच्या हातची एकही वडी आजपर्यंत कोणत्या गिऱ्हाइकानं खाल्ली नाही?”

जमुनानं यावर कधी विचार केला नव्हता. ती कोहळ्याच्या बियांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नाई. एक बी नाई.”

बैठकीतून माणिकबाईंचा आवाज आला. “ऐकून राह्यली मी. घरातली रीत बाहेरच्याले सांगून राह्यली तू.”

“रीत तुमी फोटोत टाकली बाई. मी तर फक्त तोंडानं सांगतली.”

भांडण खरं पेटलं ते दुसऱ्या दिवशी, गच्चीवर.

ऑनलाइनच्या पहिल्या मालासाठी अठरा किलो डाळ वाटून फेटून तयार होती. मार्चचं ऊन नऊलाच तापलं होतं. वेबसाइटवर गोष्टीच्या शेजारी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ठेवायचा होता. स्वप्निलनं मोबाइल उभा केला, प्लास्टिकचा कागद अंथरला, आईला पाटावर बसवलं. नवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दामिनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत वही घेऊन उभी होती. देवराव जिन्याच्या तोंडाशी. जमुना पातेल्याशी.

“आई, घाल. दहा-बारा घाल, बस.”

माणिकबाईंनी पीठ उचललं. वर्षाला पाच वड्यांची सवय असलेला हात तो. पहिली वडी पेढ्याएवढी पडली. दुसरी बोटाला चिकटून आली आणि कागदावर लांब शेपूट काढत गेली. तिसरीच्या वेळी बांगड्या खाली सरकून पिठात बुडाल्या.

“थांब,” स्वप्निल म्हणाला. “पुन्हा.”

पुन्हा. आणखी एकदा. अर्ध्या तासानं कागदावर वीसेक वड्या होत्या आणि कोणतीच दुसरीची बहीण वाटत नव्हती. माणिकबाईंच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. जमुना काही बोलली नाही. तिचं न बोलणं माणिकबाईंना बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

“तोंड दाबून हसू नको,” त्या म्हणाल्या.

“हसत नाई बाई. पीठ मोजून राह्यली. वाया किती गेलं ते.”

स्वप्निलला तेव्हाच ती कल्पना सुचली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच तो ती इतक्या सहज बोलला.

“असं करू. हात काकूचे घेऊ. फक्त हात. जवळून. तोंड मंग आईचं दाखवू, वेगळं. जोडून देतो मी, कोनाले समजत नाई.” मग त्यानं जमुनाच्या हातांकडे पाहिलं, रिकाम्या मनगटांकडे, आणि चाचरला. “फक्त काकू… तेवढ्या बांगड्या घाला. आईच्या. व्हिडिओपुरत्या. हात असे मोकळे बरे दिसत नाईत ना.”

माणिकबाई काही बोलायच्या आत त्यानं आईच्या हातातल्या चार हिरव्या बांगड्या सरकवून काढल्या आणि जमुनासमोर धरल्या. पीठ लागलेल्या, ओल्या.

देवराव पुढं झाले नाहीत. माणिकबाईंनी तोंड फिरवलं.

जमुनानं बांगड्या घेतल्या. क्षणभर वाटलं, घालतेच आता. तिनं त्या पातेल्याशेजारच्या तांब्यातल्या पाण्यानं धुतल्या, पदरानं पुसल्या आणि माणिकबाईंच्या मांडीवर ठेवल्या.

मग ती वळली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा देवरावांकडे सरळ पाहून बोलली.

“भाऊजी, तुमालेच विचारते. मधात कोनी नको. हे हात मोकळे झाले त्या दिवसापासून पहिल्या वडीले हात लावू देला नाई मले. जिन्यावर बसवलं. मी बसली. एका शब्दानं बोलली नाई. कारन काय, तर बांगड्या नाईत. आता धंद्याले हात पायजे, तर त्याच हातात बांगड्या घाल म्हणता. देवापुढं चालत नाईत आन मोबाइलपुढं चालतात?”

देवरावांच्या तोंडाचा चंबू झाला. तिच्याशी सरळ कसं बोलायचं याची त्यांना सवयच नव्हती. शेवटी ते म्हणालेच, आणि तेही थेट तिलाच. “लायसन माह्या नावावर हाये. दुकान माहं हाये. काय छापाचं ते मी ठरवीन.”

“ठरवा. लायसन तुमचं. दुकान तुमचं. पाच मुहूर्ताच्या त्या बाईच्या. अन बाकीच्या? त्या कोनाच्या तेवढं सांगा, मी उठते.”

“नाई सांगत. काय करशीन?”

“काही नाई.” जमुना पातेल्यापासून दोन हात मागं सरकली आणि हात मांडीत घेऊन बसली. “अठरा किलो पीठ हाये. ऊन हे असं. दोन घंट्यात आंबन. घाला तुमी सगळे. माया बी तुमचीच, परंपरा बी तुमचीच.”

“ही धमकी हाये का?” माणिकबाई ओरडल्या.

“धमकी कायची? सव्वीस वर्षं पहिली दहा मिनिटं बसतेच ना मी बाजूले. आज जरा जास्त बसते.”

स्वप्निल खाली वाकला, बाह्या सरसावल्या आणि स्वतः वड्या घालायला लागला. त्याच्या वड्या आईपेक्षा वाईट. देवरावांनी त्याला शिवी घातली, मग स्वतःच पाटावर बसले, तीन वड्या घातल्या आणि कंबर धरून उठले. पिठाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले होते. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

टाकीच्या सावलीत दामिनी वहीत काहीतरी खोडत होती, पुन्हा लिहीत होती. आता ती उन्हात आली.

“मी वाचू का? नाही आवडलं तर फाडून टाका. पैसे नका देऊ.”

तिनं वाचलं:

“‘अकोल्यातल्या डाबकी रोडवरच्या आमच्या गच्चीवर दर माघात पहिल्या पाच वड्या माणिकबाई घालतात. त्या देवाच्या, आम्ही त्या विकत नाही. त्यानंतरची प्रत्येक वडी त्यांच्या धाकट्या जाऊ जमुनाबाई घालतात, एकोणीसशे नव्व्याण्णवपासून. मूग रात्रभर भिजतात, कोहळ्याचा कीस पडतो, आणि पिठाचा थेंब पाण्यावर तरंगेपर्यंत जमुनाबाईंचा हात थांबत नाही. पाकिटातली कोणतीही वडी उचला, तिचं नाक डावीकडे वळलेलं दिसेल. जमुनाबाई डावखुऱ्या आहेत.’ आणि नावाखाली टॅगलाइन: ‘पाच मुहूर्ताच्या, बाकी जमुनाच्या.’”

देवरावांनी वहीकडे बोट दाखवलं.

“घरातली भांडणं पाकिटावर छापता?” देवराव म्हणाले.

“भांडण कुठं आहे यात काका? दोघींची नावं आहेत. आणि हे लोणच्याच्या पाकिटावर बसत नाही. मसाल्याच्याही नाही. जगात दुसऱ्या कोणाच्याच पाकिटावर बसत नाही.”

स्वप्निल ओठ हलवत मोजत होता. “चार शब्द,” तो स्वतःशीच म्हणाला. “बारक्या पाकिटावर बी मावते.” मग बापाची नजर दिसली आणि गप्प झाला.

कोणी तरी नाही म्हणावं याची देवराव वाट पाहत होते. त्यांनी माणिकबाईंकडे पाहिलं. माणिकबाई बांगड्या एकेक करून परत हातात चढवत होत्या. चौथी चढवून झाल्यावर त्यांनी दामिनीला विचारलं, “माह्या पाच त्यात राह्यतीन ना? काढून तर नाई टाकणार मागून?”

“पहिली ओळच तुमची आहे काकू.”

“आन विकत नाई, ते बी?”

“ते तर पाहिजेच.”

माणिकबाईंनी पदरानं नाकावरचं कुंकू पुसलं. “मंग छापा,” त्या म्हणाल्या, नवऱ्याकडे न बघता. “खोट्या अठरा किलोपेक्षा माह्या खऱ्या पाच बऱ्या. सकाळपासून माही इज्जत गेली तेवढी पुरे.” आणि पाटावरून उठताना जाऊकडे वळल्या. “पन एक ध्यानात ठेव. पाकिटावर नाव आलं म्हून मुहूर्ताच्या पिठाले हात लावाचा नाई. तिथी मी हाये तवर मीच.”

“नाई लावत,” जमुना म्हणाली. “त्या कोनी खात नाई.”

माणिकबाईंच्या चेहऱ्यावर ते सपकन बसलं. त्या जिना उतरून गेल्या. दर पायरीला बांगड्या वाजत होत्या. देवरावही गेले, पण जाता जाता थांबले आणि जुन्या सवयीनं स्वप्निललाच म्हणाले, “तिले सांग, पीठ आंबून राह्यलं.”

“ऐकलं मी,” जमुना म्हणाली आणि पाटावर बसली.

तिनं आधी वाटीत पाणी घेतलं आणि पिठाचा थेंब टाकला. थेंब खाली गेला, बुडाशी टेकला, अडखळला. तिनं पुन्हा हात घातला आणि फेटायला लागली. पाच मिनिटं, सात. स्वप्निल मोबाइल हातात घेऊन नुसता उभा होता.

“घेऊ का काकू? असेच? मोकळे हात?”

“असेच घे. नाई तर जाय खाली.”

त्यानं मोबाइल उभा केला. दुसरा थेंब पाण्यावर तरंगला. जमुनानं डाव्या हाताची तीन बोटं पिठात बुडवली.

पाकिटं वैशाखात छापून आली. माणिकबाईंनी काउंटरवर एक गठ्ठा फोडला, चष्मा लावला आणि मागची बाजू पहिल्या ओळीपर्यंत वाचली. पुढं वाचली नाही. त्या दिवसापासून दोघी जावा एका घरात एका चुलीवर कामापुरतंच बोलतात, आणि मधात कोणी असेल तर त्याच्यामार्फत. पण कोणी गिऱ्हाईक ‘वडीवाल्या काकू’ म्हणालं, की माणिकबाई पाकीट उलटं करून त्याच्यासमोर ठेवतात आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवतात.

“मी ही,” त्या म्हणतात. “बाकीच्या जिच्या, ती मागं बसली हाये.”